नाव शेवटी येऊ द्या

मी सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुढच्या महिन्यात आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी आहे. ९ संघ आहेत, २२ पारितोषिके आहेत आणि निकाल मी वाचायचा आहे. गेल्या वर्षी ज्यांनी तो वाचला त्यांची निम्मी नावे आरड्याओरड्यात बुडाली. एका तेलुगू मुलीचे लांबलचक नाव तीनदा अडखळून तीन निरनिराळ्या प्रकारांनी उच्चारले गेले आणि ती बिचारी रडवेल्या चेहऱ्याने पारितोषिक घ्यायला आली. नावाआधी किती थांबायचे, लांब नावे कशी वाचायची आणि टाळ्यांना किती वेळ द्यायचा? आयोजकांनी मला अर्धा तास दिला आहे.
— एक ग्रंथपाल, सोलापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

किती सेकंद थांबायचे ते सांगतोच, पण त्याआधी आपण वाचणार असलेले वाक्य तपासू, कारण माझ्या अनुभवात निकाल बुडतात ते बहुतेक वाक्यरचनेमुळे. आपल्याकडे निकालपत्र ज्या भाषेत लिहिलेले असते तीच भाषा निवेदक मंचावर वाचतो: ‘सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे प्रथम पारितोषिक अमुक महाविद्यालयाच्या अमुक तमुक यांना त्यांच्या अमुक या एकांकिकेसाठी देण्यात येत आहे.’ कागदावर हे वाक्य निर्दोष आहे. मंचावर मात्र ते उच्चारताच महाविद्यालयाचे नाव ऐकून सभागृहाचा एक कोपरा उसळतो, त्या गदारोळात विजेत्याचे नाव जाते आणि ‘देण्यात येत आहे’ हे शब्द निवेदक स्वतःसाठीच म्हणतो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नावाला ‘ला’, ‘ने’, ‘यांना’ चिकटतात, त्यामुळे सरळ चालीने बोलणाऱ्याचे नाव नेहमी वाक्याच्या मध्यावर अडकते. अशा वाक्यात नावाआधी कितीही थांबलात तरी नावानंतर आपल्याला बोलावेच लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणी ऐकत नसते.

म्हणून प्रत्येक घोषणेचे वाक्य असे बांधा की नाव हा त्याचा अखेरचा शब्द असेल आणि त्याला कोणताही प्रत्यय लागणार नाही. ‘सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाच्या प्रथम पारितोषिकाचे मानकरी आहेत…’ एवढे म्हणून थांबा, नाव घ्या आणि तोंड मिटा. ‘यांना’ नको, ‘हिने पटकावले आहे’ नको. नाव संपले की सभागृहाची पाळी सुरू होते.

‘मानकरी आहेत’ असेच का, तेही सांगतो. ‘मानकरी ठरली आहे’ म्हटले की दिग्दर्शनाच्या स्पर्धेत असलेल्या सगळ्या मुलांना त्याच क्षणी कळते की आपण नाही. विराम सुरू होण्याआधीच निकाल अर्धा फुटलेला असतो. आदरार्थी ‘आहेत’मुळे विजेता मुलगा आहे की मुलगी, एक आहे की पारितोषिक दोघांत विभागून दिले आहे, यांपैकी काहीच कळत नाही. याच कारणाने नावाआधीचे ‘श्री.’, ‘कुमारी’ किंवा ‘सौ.’ काढून टाका. अभिनयाची पारितोषिके अभिनेता आणि अभिनेत्री अशी वेगळी असतील तर तिथे ही काळजी नाही. संघाच्या पारितोषिकांतही नाही, कारण ‘प्रथम पारितोषिकाची मानकरी एकांकिका आहे…’ यात एकांकिका नेहमीच स्त्रीलिंगी असते.

आता आपण विचाराल की मग महाविद्यालयाचे आणि एकांकिकेचे नाव कुठे घ्यायचे. ते दुसऱ्या वाचनात घ्यायचे. प्रत्येक विजेत्याचे नाव दोनदा वाचायचे असते: पहिल्यांदा फक्त नाव आणि आडनाव, आणि टाळ्या ओसरू लागल्या की पूर्ण नाव, एकांकिका आणि महाविद्यालय. पहिले वाचन विजेत्यासाठी आणि त्याच्या मित्रांसाठी असते. दुसरे असते उरलेल्या सभागृहासाठी, मागच्या रांगेत बसलेल्या आईवडिलांसाठी आणि वहीत टिपून घेणाऱ्या वार्ताहरासाठी. विजेता बाराव्या रांगेत बसला असेल तर खुर्च्यांच्या ओळीतून बाहेर पडून मंचाच्या पायऱ्या चढेपर्यंत त्याला सहज वीसेक सेकंद लागतात. टाळ्या त्यातली सातआठ सेकंद भरतात, दुसरे वाचन तेवढीच भरते आणि तो पाहुण्यांसमोर पोहोचतो तेव्हा मध्ये फक्त एकदोन श्वासांचे अंतर उरते. ज्या समारंभात नाव एकदाच घेतले जाते तिथे हे दहाबारा सेकंदांचे रिकामे अंतर निवेदकाला खायला उठते, आणि मग तो ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ असे सुरू करतो. ते आपण करू नका. मागून घेतलेल्या टाळ्या कशा वाजतात हे सगळ्यांना ऐकू येते.

विरामाचे माप सांगायचे तर वैयक्तिक पारितोषिकांना नावाआधी दोन सेकंद, उत्तेजनार्थ, तृतीय आणि द्वितीय क्रमांकाच्या एकांकिकांना तीन, आणि करंडकाला चार. मंचावर उभे राहिल्यावर मनातली मोजणी धावू लागते. आपल्याला जे चार सेकंद वाटतात ते घड्याळात दीडदोनच भरतात. मनात ‘एक, दोन’ न म्हणता ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणावे, म्हणजे प्रत्येकाला साधारण एक सेकंद लागतो. घरी घड्याळासमोर तो वेग बसवून घ्या. विराम कुठे द्यायचा हेही ठरलेले असू द्या: ‘आहेत’ आणि नाव यांच्यामध्ये, फक्त एकदा. ‘सर्वोत्कृष्ट… दिग्दर्शनाच्या… प्रथम…’ असे तुकडे पाडले की खऱ्या जागेवरचा विराम पुसला जातो. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये तर कधीच थांबू नका. त्या वयोगटात एकाच नावाच्या तीन मुली तीन संघांत असू शकतात, आणि त्या अर्ध्या सेकंदात तिघी उठून उभ्या राहतात.

चार सेकंदांपेक्षा जास्त का नको, हे मी चूक करून शिकलो. वीसेक वर्षांपूर्वी एका स्पर्धेत करंडकाच्या आधी मी चांगला सातआठ सेकंद थांबलो. सभागृह श्वास रोखून आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात पाचव्या सेकंदाला बाल्कनीतून कोणीतरी थट्टेने एका एकांकिकेचे नाव ओरडले, खालच्यांना वाटले की घोषणा झाली, आणि तो संघ नाचत मंचाकडे धावत सुटला. त्यांना परत पाठवून खरे नाव घ्यावे लागले, तेव्हा टाळ्या वाजवण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हते. विराम लांबला की सभागृह तो स्वतःच्या आवाजाने भरते, आणि महाविद्यालयीन सभागृह तर ‘आव्वाज कुणाचा’ म्हणायला निमित्तच शोधत असते. आपण ‘आहेत’ म्हणण्याआधीच घोषणा सुरू झाल्या असतील तर त्यांच्यावर ओरडून बोलू नका. त्या लाटेसारख्या येतात. प्रश्न एक जण विचारतो, उत्तर सगळे देतात आणि मग श्वास घ्यायला सगळेच क्षणभर थांबतात. त्या खळग्यात पारितोषिकाचे नाव म्हणा, आणि तिथे विराम दोन सेकंदांवरून एकावर आणा, म्हणजे पुढची लाट उठण्याआधी विजेत्याचे नाव पोहोचेल.

त्या विरामात आपल्यालाही एक काम करायचे आहे. श्रोते वाट पाहत असताना डोळे पत्रकावर न्या, वरचे पारितोषिकाचे नाव मनात पुन्हा वाचा, खालचे विजेत्याचे नाव वाचा, मग मान वर करा आणि समोर पाहून नाव घ्या. दोन सेकंद याला बरोबर पुरतात. डिसेंबर २०१५ मध्ये लास व्हेगासला ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेचे निवेदक स्टीव्ह हार्वी यांनी कोलंबियाच्या स्पर्धकाला विजेती घोषित केले, मुकुट चढला, आणि काही मिनिटांनी त्यांना परत येऊन सांगावे लागले की ती प्रथम उपविजेती आहे, विजेती फिलिपिन्सची आहे. त्यांच्या हातातल्या एकाच पत्रकावर उपविजेत्या आणि विजेती अशी सगळी नावे होती, आणि विजेतीचे नाव उजवीकडे खालच्या कोपऱ्यात होते. चूक त्यांनी मोठ्या मनाने स्वतःवर घेतली, पण असे पत्रक कोणाच्याही हातात दिले तरी कधीतरी असेच होणार.

तेव्हा आयोजकांकडून येणारा एकत्रित निकालाचा ताव मंचावर नेऊ नका. प्रत्येक पारितोषिकाला एक जाड पत्ता करा. वर पारितोषिकाचे नाव, मध्यभागी मोठ्या अक्षरात विजेत्याचे नाव, खाली लहान अक्षरात दुसऱ्या वाचनाचा मजकूर. पत्ते वाचनाच्या क्रमाने लावून कोपऱ्यात १ ते २२ असे आकडे घाला, आणि वाचून झालेला पत्ता गठ्ठ्याखाली न सरकवता उपड्या अवस्थेत वेगळा ठेवा. निकाल परीक्षकांच्या हातून सुटायला उशीर होतो आणि आपल्याला तो कार्यक्रमाच्या जेमतेम वीस मिनिटे आधी मिळणार, हे गृहीत धरा. पारितोषिकांची नावे आधी लिहून ठेवलेली असतील तर त्या वेळात फक्त विजेत्यांची नावे भरायची उरतात.

आता नावे. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण गेल्या वर्षी त्या मुलीच्या बाबतीत जे झाले ते मंचावर घडले असले तरी चुकले होते त्याच्या आधीच. तिला कोणी विचारलेच नव्हते. नावाचा उच्चार ज्याचा त्यालाच विचारावा लागतो. त्याच्या मित्राला, प्राध्यापकाला किंवा प्रवेशिकेला विचारून भागत नाही. प्रवेशिका रोमन लिपीत भरलेली असेल तर काळे आणि काले, साठे आणि साथे, काणे आणि काने तिथे एकसारखे दिसतात. देवनागरीत आले तरी आपल्या च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार अक्षर पाहून कळत नाहीत. मराठी घरातला चौधरी ‘चौक’मधल्या च-ने स्वतःचे नाव सांगेल आणि हिंदी घरातला ‘चहा’तल्या च-ने, आणि दोघेही बरोबर असतील.

विचारण्याची वेळ मात्र नीट निवडा. निकाल हाती आल्यावर आपण विंगेतून जाऊन एखाद्या मुलीला ‘तुझे नाव जरा पुन्हा सांग’ म्हणालात, तर तिला पारितोषिक मिळाल्याची बातमी पुढच्या मिनिटात सगळ्या संघांत जाईल. म्हणून सगळ्यांना विचारा. ९ संघांत प्रत्येकी १५ जण धरले तर ही १३५ नावे होतात. अंतिम फेरीच्या दिवशी संघ नेपथ्य लावायला येतात तेव्हा प्रत्येक संघप्रमुखाला सांगा की प्रत्येकाने आपले नाव फोनवर स्वतःच्या तोंडाने ध्वनिमुद्रित करून पाठवावे, आणि ते मंचावर जसे घेतलेले आवडेल तसेच म्हणावे. हे ‘जसे आवडेल तसे’ महत्त्वाचे आहे. कोणाला वडिलांचे नाव हवे असते, कोणाला आईचे, कोणाला फक्त स्वतःचे. ऐकायला सगळे मिळून वीसेक मिनिटे लागतात, आणि त्यातली शंभर-सव्वाशे नावे आपण एरवीही बरोबरच घेतली असती. खूण करायची ती उरलेल्यांवर.

सोलापुरात आपल्याला तेलुगू आणि कन्नड नावे हमखास भेटणार. विणकाम करणारी तेलुगू घरे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर येते. सोलापुरातल्या पुष्कळ घरांनी मराठी धाटणी उचलली आहे, काहींनी नाही, त्यामुळे दोन शब्दांपैकी हाक मारण्याचे कोणते हेही विचारून घ्या. कोणा विद्यार्थिनीचे नाव इथे वापरणे बरे नाही, म्हणून उदाहरणादाखल सर्वांना परिचित असलेल्या कर्नाटक संगीतातील गायकाचे नाव घेऊ: मंगलमपल्ली बालमुरलीकृष्ण. मंगलमपल्ली हे घराण्याचे नाव आहे, बालमुरलीकृष्ण हे त्यांचे स्वतःचे.

मराठी माणूस हे नाव प्रथम वाचताना तीन ठिकाणी घसरतो. ‘लमप’पाशी त्याला कळत नाही की कोणत्या अक्षराचा पाय मोडायचा, म्हणून तो तिथे अडखळतो. ‘बाल’ हा शब्द आपण ‘बाल्’ असा उच्चारतो, म्हणून पुढचा ‘मु’ त्यावर आदळतो. दक्षिणेत तो ‘ल’ पूर्ण असतो. आणि नाव लांब असल्यामुळे शेवटाकडे येता येता श्वास आणि धीर दोन्ही संपतात, आणि ‘कृष्ण’ पुटपुटला जातो. पहिल्या दोन अडचणींवर उपाय म्हणजे नाव पत्त्यावर अर्थाच्या जोडांवर तोडून लिहायचे: मंगलं । पल्ली, मग मोकळी जागा, मग बाल । मुरली । कृष्ण. आता त्यात अनोळखी असे काहीच राहिले नाही. बाल, मुरली आणि कृष्ण तर आपल्या घरचेच शब्द आहेत. ‘बाल’च्या ल-खाली एक रेघ ओढा, म्हणजे तो पूर्ण म्हणायचा आहे हे लक्षात राहील. या उभ्या रेघा डोळ्यांसाठी आहेत, कानांना त्या ऐकू येता कामा नयेत.

तिसऱ्या अडचणीसाठी नाव शेवटाकडून पाठ करा. आधी दहा वेळा ‘कृष्ण’, मग ‘मुरलीकृष्ण’, मग ‘बालमुरलीकृष्ण’, आणि सगळ्यात शेवटी ‘मंगलमपल्ली’ जोडून पूर्ण नाव. सुरुवातीकडून पाठ केले तर पहिला तुकडा शंभर वेळा म्हटला जातो आणि शेवटचा दहा वेळा. शेवटाकडून पाठ केले की जीभ अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जाते आणि जसजसे पुढे जाल तसतशी ती स्थिर होते. गायक तान बसवताना काही वेळा हेच करतात. प्रत्यक्ष घोषणेत श्वास विरामाच्या शेवटी घ्यायचा, नावाच्या मध्ये नाही. या नावाला नेहमीच्या वेगाने दोन-अडीच सेकंद लागतात, आणि एका श्वासात तेवढे सहज मावते. लांब नाव आले की वेग वाढवून ते उरकायचा मोह होतो, किंवा उलट एकेक अक्षर तोलत शाळेच्या हजेरीसारखे वाचले जाते. दोन्हींत ऐकणाऱ्याला कळते की हे नाव आपल्याला परके आहे. आधीचे ‘कुलकर्णी’ ज्या वेगाने घेतले त्याच वेगाने हे घ्या.

एवढे करूनही जीभ घसरली तर थांबू नका, क्षमा मागू नका आणि ते नाव तिथल्या तिथे पुन्हा म्हणू नका. टाळ्या सुरू होऊ द्या. दुसरे वाचन आपल्याकडे आहेच. त्यात नाव स्वच्छ आणि बरोबर घ्या. सभागृहाच्या आणि त्या मुलीच्या लक्षात तेच राहते. गेल्या वर्षीच्या निवेदकांनी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जे प्रयत्न केले ते सगळे टाळ्यांच्या आधी, शांततेत केले.

टाळ्यांनंतर पुन्हा केव्हा बोलायचे याला घड्याळ नाही, कान आहे. टाळ्या नाव संपताच उसळतात, काही क्षण भरगच्च राहतात आणि मग त्यांच्यात फटी पडू लागतात. सलग सरीचे सुटे थेंब होतात. त्या फटी ऐकू येऊ लागल्या की बोला. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर प्रत्येक वेळी सभागृह थंड पडते आणि पुढचे पारितोषिक पुन्हा शून्यातून सुरू करावे लागते. त्याआधी बोललात तर पहिले चारपाच शब्द वाया जातात. म्हणून दुसऱ्या वाचनाची सुरुवात वाया गेला तरी चालेल अशा शब्दाने करा: ‘अभिनंदन!’ तो शब्द ऐकून उरलेल्या टाळ्या थांबतात आणि नाव स्वच्छ कानांवर पडते. ध्वनिसंयोजकाला आधी गाठून दोन गोष्टी सांगा: टाळ्यांच्या वेळी आपला ध्वनिक्षेपक बंद करू नये, आणि संगीताचा तुकडा वाजवायचा असेल तर तो नावानंतर वाजवावा. नावाआधी वाजणारा ताशा चित्रवाणीवर शोभतो. सभागृहात तो आपल्या विरामावर बसतो आणि नाव घ्यायला खिंड ठेवत नाही.

वेळेचा हिशेब एकदा मांडून पाहू, म्हणजे आयोजकांशी बोलायला आपल्याला आधार होईल. आपल्या २२ पारितोषिकांपैकी १८ वैयक्तिक आणि ४ संघाची धरतो. एका वैयक्तिक पारितोषिकाला घोषणेचे वाक्य ५ सेकंद, विराम २, नाव २, टाळ्या ८, दुसरे वाचन ८, आणि उरलेले चालणे, प्रदान आणि छायाचित्र मिळून १५, असे ४० सेकंद लागतात. अठरांचे झाले १२ मिनिटे. संघ मंचावर येताना पंधरा जण येतात, म्हणून उत्तेजनार्थ, तृतीय आणि द्वितीय यांना प्रत्येकी दीड मिनिट आणि करंडकाला ३ मिनिटे धरा, ती साडेसात. एकूण साडेएकोणीस. आपल्या अर्ध्या तासात हे आरामात बसते, आणि त्यातले सगळे विराम एकत्र केले तर जेमतेम ५० सेकंद होतात. कार्यक्रम लांबतोय म्हणून जो निवेदक नावाआधीचे थांबणे सोडून देतो तो सगळ्या समारंभातला सर्वांत स्वस्त भाग कापतो.

वेळ खाणारी गोष्ट निराळीच असते. प्रत्येक पारितोषिकापूर्वी ‘आदरणीय, सन्माननीय, ज्येष्ठ रंगकर्मी अमुक यांच्या शुभहस्ते’ हे आठ सेकंदांचे वाक्य २२ वेळा वाचले की त्याची जवळजवळ ३ मिनिटे होतात. पाहुण्यांची ओळख आणि आदर सुरुवातीला एकदा पुरेशा शब्दांत व्यक्त करा, आणि कोणते पाहुणे कोणत्या गटाची पारितोषिके देतील हे त्याच वेळी सांगून टाका. आयोजक बहुधा कुरकुरतील. त्यांना वरचा हिशेब दाखवा.

एक प्रसंग क्वचित येतो, पण तयारी असू द्या. परीक्षक एखादे पारितोषिक राखून ठेवू शकतात. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली अंतिम फेरीच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची ठरवली नाही, आणि तो निर्णय जाहीर करावा लागला. असे झाल्यास ‘मानकरी आहेत…’ हे वाक्य सुरूही करू नका आणि त्याआधी थांबूही नका, कारण त्या विरामाने जी अपेक्षा उभी राहते तिची नंतर क्रूर थट्टा होते. ‘सर्वोत्कृष्ट प्रकाशयोजनेचे पारितोषिक परीक्षकांनी या वर्षी दिलेले नाही’ असे एका सलग वाक्यात सांगा आणि लगेच पुढच्या पत्त्याकडे वळा. करंडकाच्याच बाबतीत तसे झाले तर ते परीक्षकांनी स्वतः बोलावे असा आग्रह धरा. कारणे त्यांची आहेत, ती आपल्या आवाजात येऊ नयेत.

राहिला शेवटचा पत्ता. द्वितीय क्रमांकाचा संघ मंचावरून खाली उतरून जागेवर बसेपर्यंत करंडकाची घोषणा सुरू करू नका. नाहीतर त्यांचे छायाचित्र चालू असतानाच सभागृहाचे लक्ष त्यांच्यावरून उडते. मग ‘प्रथम पारितोषिकाची आणि करंडकाची मानकरी एकांकिका आहे…’, चार सेकंद, एकांकिकेचे नाव. त्यानंतर इथे ‘अभिनंदन’ही म्हणू नका. हा एकच गदारोळ असा आहे की तो आपोआप ओसरण्याची वाट पाहायची, मग तो मिनिटभर चालला तरी. ध्वनिक्षेपकापासून दोन पावले बाजूला व्हा, म्हणजे संघाला मंचाचा मध्य मोकळा मिळेल आणि छायाचित्रात आपण येणार नाही. करंडक उंचावून खाली आला की परत येऊन दुसरे वाचन करा: एकांकिका, लेखक, दिग्दर्शक, महाविद्यालय. लेखकाचे नाव याच ठिकाणी सर्वांत जास्त वेळा गाळले जाते. ते पत्त्यावर आजच लिहिण्याची जागा सोडून ठेवा.